सातबाऱ्याच्या स्क्रीनशॉटवरून नावे, गट क्रमांक आणि चौरस मीटरमधले क्षेत्र उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे मी जमिनींचे तक्ते भरायचे काम करतो. पक्षकार कागद घेऊन यायचे दिवस गेले, आता व्हॉट्सअ‍ॅपवर सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट येतो आणि खाली ओळ असते: "दादा, यातले मालक, सर्व्हे नंबर आणि चौरस मीटर लिहून द्या." काम दहा मिनिटांचे दिसते. ते नीट करायला काय पाहावे लागते, हे लोक मला ज्या प्रश्नांतून विचारतात त्याच प्रश्नांच्या रूपात खाली लिहिले आहे. उदाहरणातली नावे आणि आकडे बनवलेले आहेत, उताऱ्याची रचना मात्र खरी आहे.

स्क्रीनशॉटमध्ये आधी काय पाहायचे?

चित्र पुरे आहे का, ते. उताऱ्याचा वरचा भाग कापलेला असेल तर गाव, तालुका, जिल्हा जातो, आणि एकच गट क्रमांक तालुक्यातल्या पन्नास गावांत असू शकतो. खालचा भाग कापलेला असेल तर उरलेली नावे जातात. खातेदार जास्त असले की सातबारा दोन-तीन पानांवर जातो आणि माणसे हमखास पहिल्याच पानाचा फोटो पाठवतात.

म्हणून मी चित्रात तीन गोष्टी शोधतो. वर "गाव नमुना सात (अधिकार अभिलेख पत्रक)" हे शीर्षक, त्याखाली गाव-तालुका-जिल्ह्याची ओळ, आणि खातेदारांच्या यादीनंतरचा शेवट, जिथे जुन्या फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक आणि सीमा व भूमापन चिन्हांची चौकट असते. शेवट दिसत नसेल तर यादी अपुरी आहे असे धरूनच चालायचे. बरेचदा लोक "गाव नमुना बारा" म्हणजे पिकांचे पान पाठवतात. त्यात खाते क्रमांक आणि पिकाखालचे क्षेत्र असते, पण मालकांची यादी त्यावरून होत नाही.

चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो दाबला जातो आणि सगळ्यांत आधी टिंबे पुसट होतात. या कागदावर एका टिंबाची किंमत काय असते ते पुढे येईलच.

सर्व्हे नंबर कुठे असतो? माझ्या उताऱ्यावर तर "गट क्रमांक" लिहिले आहे.

मग तुमच्या तक्त्यात गट क्रमांकच लिहा. एकत्रीकरण योजना राबवलेल्या गावांत जुने सर्व्हे नंबर मोडून नवे गट पाडले गेले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली हे झाले. अशा गावात सर्व्हे नंबर ४५ आणि गट नंबर ४५ या दोन वेगळ्या जमिनी असू शकतात, आणि बहुधा असतातच. घरातली जुनी खरेदीखते सर्व्हे नंबरने असतात, आजचा सातबारा गटाने असतो. त्यामुळे रकान्याला नुसते "नंबर" असे नाव देऊ नये. उताऱ्यावर "गट क्रमांक व उपविभाग" असेल तर तसे, "भूमापन क्रमांक व उपविभाग" असेल तर तसे लिहावे. कोकणात एकत्रीकरण न झालेली गावे पुष्कळ आहेत. तिथे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर अजून चालतात.

१८७/२/अ यात नंबर नेमका कोणता?

सगळा. १८७ हा मूळ नंबर, २ हा त्याचा हिस्सा आणि अ हा त्या हिश्श्याचा पुढचा तुकडा. प्रत्येक तुकड्याला वेगळा सातबारा असतो, वेगळे मालक असतात. "गट नंबर १८७ मधली जमीन" असे बोलण्यात चालते, यादीत चालत नाही. कधी "४५/१+२" असे असते, त्यातले अधिकाचे चिन्हही तसेच उतरवायचे.

चुका इथे अक्षरांच्या होतात. तिरकी रेघ पुसट असली की ती १ वाटते आणि १२/१ चे १२११ होते. "ब" आणि "व" दाबलेल्या चित्रात सारखे दिसतात. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर १ आणि ९ यांचा घोळ ठरलेला. शंका आली तर नव्या उताऱ्यावर वरच्या बाजूला छापलेला ULPIN, म्हणजे जमिनीचा ओळख क्रमांक, पाहा. तो ११ अंकी असतो आणि त्या एकाच तुकड्याचा असतो. यादीत त्याला एक रकाना दिला की पुढे वाद राहत नाही.

मी १२/१ टाइप केले आणि एक्सेलने तारीख करून टाकली. आता?

हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतो. एक्सेलला `12/1` ही तारीख वाटते आणि तो तिचे १२ जानेवारी किंवा १ डिसेंबर करतो. नंतर त्या रकान्याचा प्रकार बदलला तर पाच आकडी भलताच अंक दिसतो आणि मूळ नंबर गेलेला असतो. म्हणून टाइप करण्याआधीच रकाना निवडून त्याचा प्रकार `Text` करा, किंवा नंबराच्या आधी एक उभे अवतरण चिन्ह टाका:

```
'12/1
```

ते चिन्ह छापील कागदावर दिसत नाही. दुसऱ्याने भरलेला तक्ता हाती आला तर मी पहिल्यांदा गट क्रमांकाच्या रकान्यात "जाने" किंवा "Jan" शोधतो. सापडले तर तो सगळा रकाना पुन्हा उताऱ्यावरून भरायचा, कारण तारखेवरून हिस्सा ओळखत बसण्यात अर्थ नाही.

क्षेत्राचा आकडा १.६७.५० असा आहे. दोन टिंबे कशाला?

कारण तो एक आकडा नसून तीन आहेत: १ हेक्टर, ६७ आर, ५० चौरस मीटर. उताऱ्याच्या डाव्या बाजूला "क्षेत्राचे एकक" म्हणून "हे.आर.चौ.मी." असे छापलेले असते, त्याच क्रमाने आकडे वाचायचे. एक हेक्टर म्हणजे १०० आर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून हेक्टरला १०,००० ने गुणा, आरला १०० ने गुणा आणि शेवटचे चौरस मीटर तसेच मिळवा. १०,००० अधिक ६,७०० अधिक ५०, झाले १६,७५० चौरस मीटर.

तक्त्यात तिन्ही भाग वेगवेगळ्या रकान्यांत भरावेत. हेक्टर A मध्ये, आर B मध्ये, चौरस मीटर C मध्ये, आणि चौथ्यात हे सूत्र:

```
=A2*10000+B2*100+C2
```

एका रकान्यात 1.67.50 असे कोंबले तर एक्सेल त्याला मजकूर समजतो आणि बेरीज होत नाही. मग कोणीतरी मधले टिंब काढतो, आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

आर आणि चौरस मीटर दोन्ही दोन-दोन अंकी असतील तर टिंबे काढून अंक सलग वाचले तरी चौरस मीटरच मिळतात, १६७५०. पडताळा म्हणून ही युक्ती बरी आहे. पण १.५.५० मध्ये आरचा शून्य गळलेला असतो, तिथे ती फसते: १०,५५० च्या जागी १,५५० येतात. शून्याची चूक उलटीही होते: ०.०५.५० म्हणजे ५५० चौरस मीटर. त्याचे ०.५५ हेक्टर केले की ५,५०० होतात.

एकाच टिंबाचा आकडा असेल तर?

इथेच थांबा आणि एकक पुन्हा वाचा. शेतजमिनीच्या उताऱ्यावर एकक "हे.आर.चौ.मी." असते. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर ते "आर.चौ.मी." असते. ३.२५ हा आकडा पहिल्या एककात ३ हेक्टर २५ आर, म्हणजे ३२,५०० चौरस मीटर. दुसऱ्यात ३ आर २५ चौरस मीटर, म्हणजे ३२५ चौरस मीटर. शंभरपट फरक.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका वसाहतीतल्या बिनशेती प्लॉटांचे चाळीस उतारे एका दुपारी भरत होतो. आधी शेतीचे भरले होते, हात त्याच लयीत चालला आणि चार प्लॉट हेक्टरमध्ये गेले. वकीलसाहेबांनी तक्ता पाहून एवढेच विचारले, "या घराला आठ एकरांचे अंगण आहे का?" तेव्हापासून मी एककाला वेगळा रकाना ठेवतो आणि आकडा भरण्याआधी तो भरतो.

बिनशेती उतारा ओळखायची आणखी एक खूण आहे. त्यावर छापलेले असते की हे क्षेत्र अकृषिक झाल्याने गाव नमुना बाराची आवश्यकता नाही. ते वाक्य दिसले की हेक्टर विसरायचे.

जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर "०-४०.५" किंवा "४-१७" असे आकडे आहेत.

पहिल्यात हेक्टर आणि आर असे दोनच भाग आहेत आणि आरचा अपूर्णांक केला आहे. ४०.५ आर म्हणजे ४,०५० चौरस मीटर. दुसरा आकडा बहुधा त्याहून जुना, एकर-गुंठ्यांचा आहे. ४ एकर १७ गुंठे म्हणजे १७७ गुंठे आणि एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणून सुमारे १७,९०७ चौरस मीटर. रकान्याचा मथळा फोटोत नसेल तर अंदाजाने भरू नका, मथळ्याचा फोटो मागवा. एकर-गुंठ्यांत दुसरा आकडा ३९ च्या पुढे कधी जात नाही, कारण ४० गुंठ्यांचा एकर होतो. म्हणून "२-६५" असे दिसले तर ते एकर-गुंठे नव्हेत हे नक्की. उलटे मात्र सिद्ध होत नाही. "२-१५" दोन्ही असू शकते.

आर म्हणजेच गुंठा ना?

बोलताना हो, मोजताना नाही. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर नेमका १०० चौरस मीटर. ४० आरला सगळे "एक एकर" म्हणतात, पण एकर ४,०४६.८६ चौरस मीटरचा आहे आणि ४० आर ४,००० चे. उरलेले ४६.८६ चौरस मीटर म्हणजे पाचशे चौरस फुटांहून जास्त जागा होते. शहराजवळ एवढ्यात घर उभे राहते. सातबाऱ्यावर आर असेल तर यादीत १०० नेच गुणायचे.

क्षेत्राच्या चौकटीत पाच-सहा आकडे आहेत. कोणता घ्यायचा?

चौकट वरून खाली वाचा. आधी भाग अ, लागवडयोग्य क्षेत्र: जिरायत, बागायत आणि त्यांची बेरीज. मग भाग ब, पोटखराब, म्हणजे त्या जमिनीतले लागवडीस अयोग्य क्षेत्र. त्याचे वर्ग अ आणि वर्ग ब असे दोन भाग असतात. त्याखाली "एकूण क्षेत्र (अ+ब)". जमिनीचे पूर्ण क्षेत्र हवे असेल तर हा शेवटचा आकडा घ्यायचा. पोटखराबही त्याच मालकांची जमीन असते. ती कसता येत नाही एवढेच.

त्याच्याही खाली "आकारणी" असते. ती रुपये-पैशांत असते आणि २.३५ अशी दिसते. चित्र तिरके असेल तर डोळा एक ओळ घसरतो आणि आकारणी क्षेत्र म्हणून भरली जाते. खातेदारांच्या रकान्यातही क्षेत्राच्या शेजारीच "आकार" असतो. दोनच भागांचा, लहानसा आकडा दिसला की आधी आकाराचा संशय घ्यावा.

मालकांची यादी कशी करायची? एवढी नावे आहेत की कळत नाही कोण खरे.

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून एक पूर्ण उदाहरणच घेऊ. गट क्रमांक १८७/२, एकक हे.आर.चौ.मी. लागवडयोग्य १.६२.००, पोटखराब वर्ग अ ०.०५.५०, एकूण १.६७.५०. खातेदारांच्या रकान्यात वरून खाली असे छापले आहे:

खाते ३४१ खाली पहिले नाव "केशव रामा" कंसात आहे आणि त्यावर आडवी रेघ आहे. त्याखाली दत्तात्रय केशव, विलास केशव, सुनंदा केशव आणि पार्वती केशव. मग "सामाईक क्षेत्र" अशी ओळ आणि तिच्यासमोर क्षेत्र ०.८१.००, पोटखराब ०.०५.५०. आडवी रेघ मारून पुढे खाते ५०९, त्यात "ओंकार विलास अ.पा.क. आई मंगल", क्षेत्र ०.४१.००. पुन्हा रेघ, आणि खाते ६१२ वर अशोक गणपत, क्षेत्र ०.४०.००. फे.फा., म्हणजे फेरफाराच्या रकान्यात प्रत्येकासमोर गोल कंसात क्रमांक. उजवीकडच्या "कुळ, खंड व इतर अधिकार" या रकान्यात गावच्या विकास सोसायटीचा बोजा आणि खाली "प्रलंबित फेरफार" म्हणून एक क्रमांक.

चित्रात माणसांची आठ नावे दिसतात. यादीत जातील सहा.

केशव रामा यांचे नाव कमी झाले आहे. कंस आणि आडवी रेघ म्हणजे ती नोंद आता चालू नाही. बहुधा ते वारले आणि खालचे चौघे त्यांचे वारस लागले. सप्टेंबर २०२० पासून उताऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून कमी झालेली नावे आणि बोजे अशी कंस करून खोडून दाखवतात. त्याआधीच्या संगणकीय उताऱ्यांवर नुसते कंस असायचे, रेघ नसायची. दाबलेल्या चित्रात ही बारीक रेघ दिसत नाही, म्हणून कंसावर लक्ष ठेवा.

"अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ओंकार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे, मंगल त्याची पालक म्हणून लागली आहे. मालकाच्या रकान्यात ओंकार, शेरा रकान्यात "अज्ञान, पालक आई". मंगलला वेगळी मालक धरले तर एक माणूस वाढतो, आणि ओंकारला गाळून मंगलला लिहिले तर भलत्याच्या नावे जमीन जाते.

विकास सोसायटी मालक नाही, तिचे कर्ज आहे. इतर अधिकारातले कोणतेही नाव, मग ती बँक असो वा कूळ, मालकांच्या यादीत येत नाही. पण ते फेकूनही देऊ नका, त्याला वेगळा रकाना द्या.

फेरफार क्रमांकही कंसात असतो. म्हणजे तोही रद्द का?

नाही. फे.फा. रकान्यातला क्रमांक गोल कंसातच छापतात. तो फेरफार मंजूर होऊन ते नाव दाखल झाले, एवढाच त्याचा अर्थ. नावाभोवतीचा कंस वेगळा, क्रमांकाभोवतीचा वेगळा. नवखी मुले हा घोळ करतात आणि सगळीच यादी रद्द करून बसतात.

सामाईक क्षेत्र चौघांत सारखे वाटून लिहू का?

लिहू नका. उताऱ्यावर चौघांचे मिळून ०.८१.०० आहे, म्हणजे ८,१०० चौरस मीटर. कोणाचा वाटा किती हे त्यावर लिहिलेले नाही. वारसाहक्काने, हक्कसोडपत्राने किंवा जुन्या वाटणीने तो कमी-जास्त असू शकतो. २,०२५ असा नीटस आकडा लिहिला की वाचणाऱ्याला तो सरकारी वाटतो. घरात भांडण लावायला तेवढे पुरते.

दुसरी चूक उलटी असते. ८,१०० हा आकडा चारही नावांसमोर चार वेळा भरतात आणि खाली बेरीज ३२,४०० येते. क्षेत्र खात्याच्या पहिल्या ओळीत एकदाच भरा आणि नावांसमोर "सामाईक" लिहा. माझा तक्ता असा दिसतो:

| खाते | नाव | क्षेत्राचा प्रकार | चौ.मी. | पोटखराब चौ.मी. |
|---|---|---|---|---|
| ३४१ | दत्तात्रय केशव | सामाईक | ८,१०० | ५५० |
| ३४१ | विलास केशव | सामाईक | | |
| ३४१ | सुनंदा केशव | सामाईक | | |
| ३४१ | पार्वती केशव | सामाईक | | |
| ५०९ | ओंकार विलास (अज्ञान) | स्वतंत्र | ४,१०० | |
| ६१२ | अशोक गणपत | स्वतंत्र | ४,००० | |

यादी बरोबर झाली हे कसे ओळखायचे?

बेरीज करा. खात्यांचे क्षेत्र ८,१०० अधिक ४,१०० अधिक ४,००० म्हणजे १६,२००. डावीकडच्या चौकटीत लागवडयोग्य १.६२.०० आहे, ते जुळले. पोटखराब ५५० मिळवले की १६,७५०, आणि एकूण क्षेत्र १.६७.५० आहे. दोन्ही जुळल्याशिवाय मी तक्ता कोणाला देत नाही.

बेरीज कमी पडली तर पहिला संशय राहिलेल्या पानावर. आपल्या उदाहरणात पहिलेच पान आले असते तर खाते ६१२ दिसले नसते आणि बरोबर ४,००० कमी पडले असते. फरक पाहून काय राहिले तेही कळते. बेरीज जास्त आली तर खोडलेल्या नोंदीचे क्षेत्र धरले असेल किंवा सामाईक आकडा दोनदा गेला असेल. नेमकी शंभरपट किंवा दहापट गडबड असेल तर एकक किंवा गळलेला शून्य.

कधीकधी मात्र चूक उताऱ्यातच असते. हस्तलिखितावरून संगणकावर घेताना काही ठिकाणी खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज आणि एकूण क्षेत्र यांत तफावत राहिली. तेव्हा आकडे आपल्या मनाने जुळवून लिहू नयेत. छापले आहे तसे उतरवायचे आणि शेऱ्यात तफावत चौरस मीटरमध्ये लिहायची. लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. ते काम खातेदाराचे आहे.

"प्रलंबित फेरफार" आहे, मग यादी द्यायची की नाही?

द्यायची, पण त्या क्रमांकासकट. प्रलंबित म्हणजे कोणीतरी नोंद घातली आहे आणि ती अजून मंजूर झालेली नाही. विक्री असेल, वारस असेल, बोजाही असेल. आज सहा नावे आहेत, ती नोंद मंजूर झाली की पाच किंवा सात होऊ शकतात. यादीच्या वर उताऱ्यावरचा शेवटचा फेरफार क्रमांक, त्याची तारीख आणि उतारा काढल्याची तारीख लिहावी. स्क्रीनशॉट फोनमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतो आणि लोक तो "परवाचाच आहे" म्हणून पाठवतात.

फोनवर चित्रातला मजकूर आपोआप उचलता येतो. तसे केले तर?

नावे टाइप करायचा त्रास वाचतो, तेवढ्यापुरते करा. सातबारा रकान्यांचा कागद आहे. आपोआप उचललेला मजकूर ओळीने येतो, त्यामुळे एकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या नावापुढे जाते आणि इतर अधिकारातली सोसायटी मालकांत येऊन बसते. कंस कधी येतात, कधी गळतात, आणि आडवी रेघ तर मजकुरात येतच नाही. म्हणजे वारलेला माणूस पुन्हा मालक होतो. आकडे मी नेहमी चित्र मोठे करून हातानेच भरतो.

आडनावांची आणि नावांची लेखनपद्धती सुधारून लिहावी का?

नाही. उताऱ्यावर "पारवती" असेल तर "पारवती" लिहा. "उर्फ" असेल तर तोही ठेवा. "ए.कु.मॅ." असेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तर तो शेराही उतरवा, कारण ते नाव एकट्याचे नसून कुटुंबाच्या वतीने लागलेले असू शकते. आधार कार्डावरचे शुद्ध नाव शेजारी लिहायचे असेल तर लिहा, बदलून नको.

या यादीच्या रकान्याला "मालक" म्हणावे का?

मी "भोगवटादार" म्हणतो, उताऱ्यावर तोच शब्द आहे. सातबारा महसुली अभिलेख आहे. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण मालकी शेवटी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांवर ठरते. शेजारी "भू-धारणा पद्धती"चाही रकाना ठेवा. तिथे "भोगवटादार वर्ग-२" असेल तर जमीन विकायला परवानगी लागते, आणि नुसत्या नावांच्या यादीतून घेणाऱ्याला हे कळत नाही.

शहरातल्या जागेचा स्क्रीनशॉट आहे आणि त्यावर आर-हेक्टर काहीच नाही.

ती मिळकत पत्रिका असेल. तिथे गट क्रमांकाऐवजी नगर भूमापन क्रमांक असतो आणि क्षेत्र थेट चौरस मीटरमध्ये असते, काही गुणायचे नाही. धारकांची नावे मात्र तारखेच्या क्रमाने खाली खाली वाढत जातात, त्यामुळे वरचे नाव जुने आणि शेवटची चालू नोंद खाली असते.

गोव्यातला उतारा आला तर?

त्याला तिकडे एक-चौदाचा उतारा म्हणतात. सर्व्हे नंबर आणि उपविभाग वेगळे छापलेले असतात, ते दोन्ही घ्या. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर याच क्रमाने असते, हेक्टरच्या जागी मात्र शून्यांची रांग असू शकते. ००००.०४.७५ म्हणजे ४ आर ७५ चौरस मीटर, ४७५ चौरस मीटर. कुळांचा रकाना वेगळा असतो, त्यातली नावे भोगवटादारांत मिसळू नका.

स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा किती?

यादी करण्यापुरता. bhulekh.mahabhumi.gov.in वर मोफत दिसणारा उतारा पाहण्यासाठी आहे, शासकीय वा कायदेशीर कामाला तो चालत नाही, हे त्या पानावरच लिहिलेले असते. शिवाय चित्रातला आकडा बदलायला फार कसब लागत नाही. व्यवहार पुढे जाणार असेल तर digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा उतारा काढावा. त्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि तो त्याच संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा पाहता येतो. मी स्क्रीनशॉटवरून केलेल्या प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर "स्क्रीनशॉटवरून, मूळ उतारा पाहिलेला नाही" असे लिहितो. एकदा एका पक्षकाराने ती ओळ कापून तक्ता पुढे पाठवला होता. आता मी ती प्रत्येक पानावर घालतो.